तिसरीसाठी अंदाजाचा खेळ: राजम्याची बरणी, लांबी, वेळ आणि नोंदीचा कागद

पाटीवरची_रेघ

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते, पट बावीस. शनिवारी आमच्याकडे अंदाजाचा खेळ असतो. टेबलावर राजम्याने भरलेली बरणी, शेजारी दोरीचे तुकडे आणि पेन्सिली, आणि शेवटी 'डोळे मिटून एक मिनिट'. प्रत्येकाला नोंदीचा कागद देते. त्यावर चार रकाने आहेत: काय मोजलं, माझा अंदाज, खरं उत्तर, फरक.

अडचण अशी आहे की मोजून झालं की अर्धा वर्ग अंदाज खोडतो आणि खरा आकडा लिहितो. फरकाच्या रकान्यात सगळ्यांचं शून्य! खोडरबर काढून घेतलं तर बोटाला थुंकी लावून पुसतात. उरलेल्यांपैकी निम्मे 'एक हजार' लिहून मोकळे होतात, बरणीत काहीही असो. आणि मोठ्या मुलांनी शिकवलेलं एक पोर दर वेळी शेजाऱ्याच्या अंदाजात एक मिळवून आपला अंदाज लिहितं.

कागद बदलू, खेळ बदलू की बरणी बदलू? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

लिंबूलोणचं

ताई, राजमा काचेच्या बरणीत ठेवताय तर आधी दोन दिवस कडक ऊन दाखवा. पावसाळ्यात भुंगा लागतो. माझा दोन किलो राजमा गेल्या वर्षी असाच वाया गेला. दाणा वरून धड दिसतो, हातात घेतला की पोकळ. बरणीत कडुलिंबाचा पाला घाला, पण तो सुकलेला हवा.

उगाच_आपलं

लिंबूताई, त्या राजमा टिकवायला नाही, मोजायला ठेवतायत. :)

बाकी धाग्याबद्दल एक शंका. परीक्षेत 'अंदाजे किती' असा प्रश्न येतो का? येत नसेल तर पालक विचारतीलच, शनिवारी दाणे मोजायला पाठवायचं का म्हणून.

मोजपट्टी

रेघताई, तुमची मुलं खोडतात त्याचं कारण तुमच्या कागदातच आहे. 'खरं उत्तर' आणि 'फरक' हे दोन रकाने वाचून मुलाला कळतं ते एवढंच, की अंदाज हे खोटं उत्तर आणि फरक ही त्याची शिक्षा. खोडरबर काढून घेऊन हे थांबत नाही. मी बरीच वर्षं शिक्षकांच्या प्रशिक्षणात होतो. हा कागद निदान पन्नास वर्गांत याच चार रकान्यांचा पाहिला आणि सगळीकडे शेवटच्या रकान्यात शून्यांची रांग.

दोन बदल करून बघा.

पहिला, अंदाजाचे रकाने दोन करा: 'पहिला अंदाज' आणि 'सुधारलेला अंदाज'. पहिला स्केचपेनने लिहायचा, म्हणजे पुसता येत नाही. मग मध्ये काहीतरी नवीन दाखवायचं आणि विचारायचं, 'आता कुणाला बदलायचाय?' बदल करायला अधिकृत जागा मिळाली की लपून खोडायची गरज राहत नाही. 'खरं उत्तर' ऐवजी 'मोजून आलेलं' लिहा.

दुसरा, मुलाला धरायला काहीतरी द्या. बरणी नुसती समोर ठेवून 'किती?' विचारलं तर आठ वर्षांचं मूल काय करणार? त्याला माहीत असलेली सगळ्यात मोठी संख्या सांगणार. तुमचे 'एक हजार' तिथून येतात. तश्शीच दुसरी बरणी घ्या, तीत मोजून शंभर दाणे घाला, बाहेर मोठ्या अक्षरात १०० लिहा आणि भरलेल्या बरणीच्या शेजारी ठेवा. ही बरणी पहिल्या अंदाजानंतर पुढे आणायची, आधी नाही. आधी आणली तर पहिला आणि दुसरा अंदाज यांतला फरक मुलांना दिसणारच नाही आणि खेळातली गंमत तिथेच आहे.

पाटीवरची_रेघ

स्केचपेनचं पटलं. बरणी कुठली घ्यावी? माझी गळ्याला निमुळती आहे, लोणच्याची.

मोजपट्टी

निमुळती नको. बाजू सरळ हव्यात, नाहीतर उंचीवरून काढलेला हिशेब चुकतो आणि तो का चुकला हे तिसरीत समजावता येत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी उभी बरणी, पाण्याच्या पेल्याएवढी, पुरते.

माझ्याकडच्या बरणीचं सांगतो. मोठ्या दाण्याचा लाल राजमा काठोकाठ भरला की ३७२ दाणे बसतात. वजन पाव किलोच्या आतच. शंभर दाण्यांच्या बरणीत राजमा मुलाच्या दोन आडव्या बोटांइतका चढतो आणि भरलेल्या बरणीत साडेसात बोटं. मुलं बोटं एकावर एक ठेवत बरणीवरून वर चढतात: दोन बोटं शंभर, चार बोटं दोनशे, सहा बोटं तीनशे. मग दीड बोट उरतं. इथे मूल थांबतं आणि हेच बघायला मी बसायचो. एखादी म्हणते, 'दोन बोटांचे शंभर तर एकाचे पन्नास.' एखादा म्हणतो, 'अजून एक शंभर नाही मावणार, म्हणून चारशेच्या आत.' दोन्ही चालतात. साडेतीनशे ते चारशे असा अंदाज आला की काम झालं.

खडूची_पूड

मी आदिवासी पाड्यावर दुशिक्षकी शाळेत आहे. चवळी घेऊन हा खेळ करून पाहिलाय आणि कुणी करू नये असं सांगेन. पेल्याएवढ्या बरणीत चवळी हजाराच्या वर जाते. मोजता मोजता मधली सुट्टी आली, कुणाचा तरी धक्का लागला, सगळं जमिनीवर. मुलांना तीन अंकी संख्या जमतात तिथे चार अंकी बरणी ठेवायची नाही.

आम्ही आता चिंचोके वापरतो. फुकट मिळतात, दाणा मोठा, कुणी चोरून खात नाही. आधी गावातल्या एकाने गुंजा आणून दिल्या होत्या, दिसायला सुंदर. त्या मी परत केल्या.

आकडेबहाद्दर

गुंजा का नको? सोनाराकडे वजनाला वापरायचे की. लाल-काळ्या, एकसारख्या आकाराच्या, मोजायला आदर्श.

खडूची_पूड

बहाद्दर, गुंज विषारी आहे. अख्खी गिळली तर कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा मण्यासारखी भोक पाडलेली असली तर जीव जाऊ शकतो. तिसरीच्या मुलाबरोबर घरचं तीन वर्षांचं भावंडही वर्गात येऊन बसतं. तो धोका नको.

लिंबूलोणचं

अगं बाई. मग कच्च्या राजम्याचंही सांगते. नीट न शिजवलेल्या राजम्याने उलट्या होतात. चार-पाच कच्चे दाणे चावले तरी त्रास होऊ शकतो. त्यामुळे बरणीचं झाकण घट्ट, आणि दाणे मोजून परत आत.

(मला आत्ता खेळ कळला. छान आहे.)

आकडेबहाद्दर

या खेळाच्या मागे फार भारी गणित आहे, ते मुलांना दाखवा! १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात लोकांनी एका बैलाचं कापून साफ केल्यानंतरचं वजन ओळखायचं होतं. गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने ती तिकिटं मिळवली. वाचता येणारी ७८७ निघाली. सगळे अंदाज ओळीने लावले तर मधला आला १२०७ पौंड आणि खरं वजन ११९८! म्हणजे गर्दीचा अंदाज नेहमी बरोबर येतो. रेघताईंनी बावीस मुलांची सरासरी काढली की झालं, बरणी मोजायचीच गरज नाही.

मोजपट्टी

बैलाची गोष्ट बरोबर आहे, 'नेहमी' तेवढं काढा. त्या लोकांनी तिकिटावर आपापला अंदाज लिहून दिला होता आणि त्यांच्यात खाटीक, शेतकरी असे जाणकारही होते. रेघताईंच्या वर्गात काय होतं ते त्यांनीच लिहिलंय: एक जण शेजाऱ्यात एक मिळवतो, बरेच जण हजार म्हणतात. ही बावीस मतं नाहीत, चार-पाचच आहेत. त्यात हजार म्हणणारे दहा असले तर सरासरी पाचशेच्या वर जाऊन बसते. शिवाय तिसरीला सरासरी काढता येत नाही.

एक मात्र घ्या त्यातून. सगळ्यांचे पहिले अंदाज चिठ्ठीवर लिहून घ्या आणि लहानापासून मोठ्यापर्यंत दोरीवर चिमट्याने अडकवा. संख्यांचा चढता क्रम आपोआप होतो. उगाचरावांच्या परीक्षेत तो येतो. :)

सॅनहोजेची_माई

माझी मुलगी इथे कॅलिफोर्नियात तिसरीत आहे. त्यांच्याकडे दर आठवड्याला एक मूल बरणी घरी नेतं आणि स्वतः भरून आणतं. सोबत तीन सूचना लिहायच्या, म्हणजे 'दोनशेपेक्षा जास्त', 'सम संख्या', 'पाचने मोजता येते' अशा. आमची पाळी आली तेव्हा मी भारतीय दुकानातून वाल आणले, बाईंना वाटलं खाऊ आहे.

मला लांबीचं विचारायचंय. हिच्या शाळेच्या पट्टीवर एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. अंदाज इंचात करते, मोजते सेंटिमीटरमध्ये, आणि रडते की सात कुठे आणि अठरा कुठे. तुमच्याकडे होतं का असं?

पाटीवरची_रेघ

माई, इंचाचा त्रास नाही, पण वितीचा आहे. 'बाक सात' असं लिहितात. सात काय, विचारलं तर 'वीत'. मोजून आलेलं मात्र ९८. मग फरक ९१!

खडूची_पूड

एककासाठी वेगळा रकाना हवाच, आणि तो अंदाजाच्या आधी भरायचा. पण वीत टाकून देऊ नका. राजम्याला शंभराची बरणी तशी लांबीला वीत. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली वीत पट्टीवर मोजून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची. आमच्याकडे १३ ते १५ सेंटिमीटरच्या वीती आहेत. मग बाक सात विती, वीत १४, तर सात चौदं अठ्ठ्याण्णव. इथे चौदाचा पाढा येत नसेल तर वीत १५ धरून १०५ म्हटलं तरी काय बिघडलं, अंदाजच आहे.

पट्टीची एक भानगड तपासा. काही पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसतं, थोडं आत असतं. मुलं कडेपासून मोजतात. काही जण एकपासून मोजतात, कारण मोजणी एकपासून सुरू होते! सगळ्या वर्गाचं मोजमाप एका सेंटिमीटरने जास्त येतंय असं दिसलं की समजायचं, एकवाले आहेत.

आणि राजम्याच्या बरणीवरच लांबीचा एक प्रश्न घ्या. बरणीची उंची जास्त की घेर? वर्ग छातीठोकपणे सांगतो, उंची. मग दोरी गुंडाळायची.

मोजपट्टी

माझ्या त्याच बरणीची उंची झाकणासकट ११ सेंटिमीटर, घेर १८. दोरी उलगडून बरणीशेजारी उभी धरली की पोरं ती दोरी हातातून ओढून घेतात आणि स्वतः पुन्हा गुंडाळून बघतात. मास्तरवर विश्वास नाही.

उगाच_आपलं

मी आत्ता घरात पाण्याच्या पेल्याला दोरा गुंडाळला. बायको बघतेय. घेर जास्त निघाला. मान्य.

पाटीवरची_रेघ

वेळेचं कसं करता? डोळे मिटून मिनिट झालं असं वाटलं की हात वर. पण एकाचा हात वर गेला की त्याचा शर्ट सळसळतो आणि मागोमाग सगळे हात. आणि बावीस जणांचे सेकंद मी एकटी कशी लिहिणार?

खडूची_पूड

जोड्या करा. एक जण फळ्याकडे पाठ करून डोके बाकावर टेकवून बसतो, दुसरा फळ्याकडे तोंड करून. पहिल्याला मिनिट झालं असं वाटलं की त्याने फक्त अंगठा वर करायचा, हात नाही. फळ्यावरचा त्या क्षणीचा आकडा दुसरा जोडीदार टिपतो. मी दर पाच सेकंदांनी आकडा बदलत जाते. पण खडूने लिहायचा नाही! टक टक ऐकून बिलंदर पोरं बारा टकटकी मोजतात. पुठ्ठ्यावर आकडे लिहून ठेवलेत, ते नुसते उलटायचे.

पहिल्या फेरीत आमचे बहुतेक अंगठे पस्तीस-चाळीसलाच वर गेले. दुसऱ्या फेरीच्या आधी त्यांना झोका दाखवला. दोऱ्याला एक नट बांधला, टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर. हलका झोका दिला की एक जाऊन-येऊन फेरी एका सेकंदाची. त्याच्याबरोबर 'एक, दोन, तीन' म्हणायला लावलं. मग तो झोका मनात धरून डोळे मिटले. पुष्कळ अंगठे पन्नासच्या पुढे गेले.

आकडेबहाद्दर

नट जड घेतला तर आणखी अचूक येईल, जड वस्तू झोका भराभर घेते.

मोजपट्टी

नाही हो. लहान झोक्याला वजनाचा संबंध नाही, लांबीचा आहे. जड नट जास्त वेळ झुलत राहतो एवढंच. लांबी चौपट, म्हणजे मीटरभर केली तर फेरी दोन सेकंदांची होते. वर्गातच करून बघा, नटाच्या जागी कुलूप बांधा.

पाटीवरची_रेघ

या शनिवारी केलं. राजमाच घेतला, बरणी मोजपट्टीसरांसारखी, सरळ. शंभरची बरणी दुसऱ्या अंदाजाआधी काढली. मोजायला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे वापरला, तीस खाचांचा. एका खाचेत दहा दाणे, एका ओळीत पाच खाचा म्हणजे पन्नास. पूर्ण ट्रे भरला की तीनशे, कुणी पुन्हा मोजायला नको आणि धक्का लागला तरी सांडत नाही. आमचा एक ट्रे भरला, दुसऱ्यात पाच खाचा आणि सहा सुटे. एका मुलीचा कागद इथे उतरवते:

| काय | एकक | पहिला अंदाज | सुधारलेला अंदाज | कशावरून | मोजून आलेलं |
|---|---|---|---|---|---|
| बरणीतला राजमा | दाणे | १००० | ३८० | शंभरची बरणी, बोटं | ३५६ |
| बरणीचा घेर | सेंमी | ९ | १३ | माझी वीत पुरली नाही | १८ |
| डोळे मिटून मिनिट | सेकंद | ४० | ५५ | झोका | ६० |

'कशावरून' हा रकाना माझी भर. त्यात अर्ध्या वर्गाने 'मनावरून' लिहिलंय. आणि फरकाचा रकाना काढून टाकला.

घेराचं बघा. तिची वीत १३ आहे. वीत पुरली नाही हे तिनेच लिहिलंय, तरी अंदाज १३ वरच थांबला.

आता खरा प्रश्न. 'कोण जिंकलं?' मी म्हटलं, ज्याचा दुसरा अंदाज पहिल्यापेक्षा जवळ गेला त्याला एक चिंचोका. दुसऱ्याच बरणीला दोघांनी पहिला अंदाज मुद्दाम '१' लिहिला!

आकडेबहाद्दर

हाहा, हुशार आहेत.

मोजपट्टी

हे होतंच. म्हणून मी सुधारणेला गुण देत नाही. त्याऐवजी अंगठ्याचा नियम: मोजून आलेल्या संख्येचा शेवटचा अंक अंगठ्याने झाका. उरला तेवढा फरक चालेल. ३५६ चा सहा झाकला, राहिले ३५. म्हणजे ३२१ ते ३९१ मधला अंदाज 'जवळ'. तुमच्या मुलीचा ३८० बसतो. मिनिटाला ६० चं शून्य झाकलं, ६ राहिले, तर ५४ ते ६६. तिचे ५५ बसतात. घेराला १८ चा आठ झाकला, राहिला १. तिचा १३ नाही बसत. तीनही खेळांना एकच नियम आणि टक्के शिकवावे लागत नाहीत.

सॅनहोजेची_माई

पण खोडरबर चार सेंटिमीटरचा असेल तर चार झाकल्यावर काहीच उरत नाही. म्हणजे बरोबर चारच हवेत?

मोजपट्टी

हो, तिथे नियम पांगळा होतो. दहाच्या आतल्या वस्तू घेऊ नयेत असं माझं मत.

खडूची_पूड

माझं मत वेगळं. लहान वस्तू सोडून दिल्या तर सेंटिमीटर डोळ्यात कधी बसणार? आणि १८ ला एक सेंटिमीटरची सूट म्हणजे कडकच की सर. मी गुणच देत नाही. दोरीवर चिठ्ठ्या लावायच्या, मोजून आलेली लाल चिठ्ठी मध्ये अडकवायची, आपापलं कोण कुठे ते दिसतं. जिंकणं नाही की हरणं नाही.

पाटीवरची_रेघ

खडूताई, लाल चिठ्ठी लावली की माझी पोरं तिच्या सगळ्यात जवळच्या चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने ओरडतात. बिनगुणांचं म्हटलं तरी त्यांनी स्पर्धा काढलीच.

पुढच्या शनिवारी अंगठ्याचा नियम आणि चिठ्ठ्या दोन्ही लावून बघते. पहिल्या अंदाजाच्या '१' चं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. 'कशावरून' पहिल्या अंदाजालाही लिहायला लावावं का?

उगाच_आपलं

लिहितील की, 'मनावरून'.